पॉवर बँकेवर बारा व्होल्टचा राउटर: ट्रिगर केबल लावण्याआधी व्होल्टेज मोजा

मागच्या पावसाळ्यात एका संध्याकाळी मामांचा फोन आला. देवरुखजवळच्या त्यांच्या गावात पावसात लाईट गेली की कधी दोन तासांनी येते, कधी थेट दुसऱ्या दिवशी. फायबरचं इंटरनेट मात्र बहुतेक वेळा सुरू असतं, घरातल्या राउटरला वीज मिळाली की झालं. म्हणून वर्षभरापूर्वी मी त्यांना एक छोटी पॉवर बँक आणि एक ट्रिगर केबल देऊन आलो होतो. वर्षभर सगळं सुरळीत चाललं होतं.

"अरे, राउटर गेला बघ. टक् करून आवाज आला आणि जळका वास सुटला."

"मामा, केबल तीच लावली होती ना?"

"केबल तीच रे. बँक तेवढी नवी. तुझ्या मामीनं मोठी घेतली, लॅपटॉपसुद्धा चालतो म्हणे तिच्यावर."

तेवढ्यावरून काय झालं ते माझ्या लक्षात आलं. केबल तीच, राउटर तोच, पिनही तशीच घट्ट बसली होती. पण जुन्या बँकेवर त्या केबलमधून १२ व्होल्ट येत होते आणि नव्या बँकेवर २० आले. हे कसं होतं ते नीट समजलं, तर पॉवर बँकेवर १२ व्होल्टचं उपकरण चालवणं अवघड नाही. समजलं नाही, तर पहिल्याच दिवशी किंवा वर्षभरानंतर उपकरण जळू शकतं. म्हणून आधी थोडं कारण सांगतो आणि मग एकेक पायरी.

केबलच्या आत काय चालतं

साध्या अडॅप्टरचं व्होल्टेज ठरलेलं असतं. त्यावर १२ लिहिलं असेल तर त्यातून १२च येणार. ट्रिगर केबलचं तसं नसतं. तिच्या एका टोकाला यूएसबी टाइप-सी असतं, दुसऱ्या टोकाला राउटरला लागते तशी गोल डीसी पिन असते आणि मध्ये, बहुधा टाइप-सीच्या जाडसर टोकातच, एक छोटी चिप बसवलेली असते. ही चिप वीज तयार करत नाही आणि व्होल्टेज वाढवतही नाही. ती फक्त मागणी करते.

टाइप-सीमध्ये वीज वाहणाऱ्या तारांखेरीज सीसी नावाची एक वेगळी तार असते. पॉवर बँक आणि चिप यांची बोलणी त्या तारेवरून होतात. सुरुवात नेहमी ५ व्होल्टने होते. मग बँक आपली यादी सांगते: माझ्याकडे ५ आहेत, ९ आहेत, १२ आहेत. चिप त्यातला एक आकडा निवडते, बँक होकार देते आणि तारेवरचं व्होल्टेज त्या आकड्यावर चढतं. हे सगळं क्षणार्धात उरकतं. या बोलण्यांच्या पद्धतीला पॉवर डिलिव्हरी, म्हणजे पीडी म्हणतात.

गडबड होते ती १२ या आकड्यापाशी. २०१२ साली पहिल्यांदा आलेल्या पीडीत ५, १२ आणि २० असे आकडे होते. पुढे नियम बदलले आणि ५, ९, १५, २० अशी पायरी ठरली. १२ व्होल्ट त्यातून गळाले. बनवणाऱ्याला हवे असतील तर त्याने द्यावेत, सक्ती नाही. त्यामुळे बाजारातल्या काही पॉवर बँकांत १२ व्होल्ट असतात आणि काहींत नसतात. मोठी आणि महाग बँक म्हणजे १२ असणारच, असंही नाही.

आता चिपच्या बाजूने पाहा. १२ मागणाऱ्या चिपला यादीत १२ दिसलेच नाहीत, तर तिने काय करायचं ते तिच्या बनवणाऱ्याने ठरवलेलं असतं. बऱ्याच चिपा त्याच्या खालचा आकडा, म्हणजे ९, उचलतात. काही ५ वरच थांबतात. आणि केबलचा एक प्रकार असा आहे की तिला १२ शी काही देणंघेणं नसतं; यादीत जो सगळ्यात मोठा आकडा असेल तो ती मागते. ही केबल मुळात लॅपटॉपसाठी असते, कारण लॅपटॉपला १९-२० व्होल्ट लागतात.

मामांना मी दिलेली केबल नेमकी याच जातीची होती. त्यांच्या छोट्या बँकेच्या यादीत सगळ्यात मोठा आकडा १२ होता, म्हणून १२ आले. मी तेव्हा मीटर लावला, १२.१ दिसले आणि ही बारा व्होल्टची केबल आहे असं धरून चाललो. मीटर खोटं बोलला नव्हता. मी मोजलं होतं ते त्या बँकेचं आणि त्या केबलचं मिळून आलेलं उत्तर, एकट्या केबलचं नव्हे. नव्या बँकेच्या यादीत २० होते, केबलने २० मागितले, बँकेने निमूटपणे दिले.

पहिली पायरी: उपकरणाची गरज वाचा

राउटर उलटा करा आणि खालचं लेबल वाचा. बरोबर आलेल्या अडॅप्टरचं लेबलही वाचा. अडॅप्टरवर दोन ओळी असतात. 'इनपुट'ची ओळ भिंतीतल्या विजेची असते, ती सोडून द्या. 'आउटपुट'च्या ओळीत व्होल्ट आणि अँपिअर दिलेले असतात. फायबरच्या डब्यांवर बहुधा १२ व्होल्ट १ अँपिअर किंवा १२ व्होल्ट १.५ अँपिअर असं असतं. पण गृहीत धरू नका. ९ व्होल्टचे राउटर आहेत, ५ व्होल्टचेही आहेत आणि त्यांच्या पिना अगदी तशाच दिसतात. एका घरात दोन डबे असतील तर दोन्ही वेगवेगळे वाचा.

त्याच लेबलवर एक छोटं चित्र असतं: मध्ये एक ठिपका, भोवती अर्धवट गोल आणि दोन्ही बाजूंना अधिक-उणेची चिन्हं. ठिपक्याकडून निघालेली रेघ अधिककडे जात असेल तर पिनेच्या आतलं टोक धन आहे. राउटर, सीसीटीव्ही कॅमेरे, सेट-टॉप बॉक्स बहुतेक असेच असतात आणि ट्रिगर केबलीही तशाच मिळतात. गिटारच्या पेडलसारख्या काही वस्तूंत मात्र हे उलटं असतं. तिथे साधी ट्रिगर केबल लावू नये.

पिनेचं माप बाहेरून बहुधा साडेपाच मिलिमीटर असतं, पण आतलं भोक दोन मापांत येतं: २.१ आणि २.५. बारीक भोकाची पिन जाड काडीवर जातच नाही. जाड भोकाची पिन बारीक काडीवर जाते, पण सैल बसते आणि हात लागला की राउटर बंद-चालू होतो. तसं होत असेल तर दोष व्होल्टेजमध्ये शोधत बसू नका, पिन बदला.

दुकानात हमखास ऐकू येतं, "पिन बसतेय ना साहेब? मग चालेल." हे चूक आहे. पिन बसली याचा अर्थ फक्त माप जुळलं. व्होल्टेजचा आणि पिनेच्या मापाचा काहीही संबंध नाही.

दुसरी पायरी: पॉवर बँकेची यादी वाचा

बँकेच्या पाठीवर बारीक अक्षरांत जे छापलेलं असतं तीच ती यादी. मोबाइलने फोटो काढून मोठा करून वाचा. छोट्या, २० वॉटच्या बँकेवर साधारण असं असतं:

```
USB-C Output: 5V⎓3A, 9V⎓2.22A, 12V⎓1.67A
```

इथे १२ आहेत, म्हणजे काम होईल. शेवटचा आकडा सांगतो की १२ व्होल्टवर ही बँक जास्तीत जास्त १.६७ अँपिअर देते. तुमच्या अडॅप्टरवरचे अँपिअर यापेक्षा कमी किंवा तितकेच हवेत. १ किंवा १.५ अँपिअरचा राउटर चालेल. २ अँपिअरचा अडॅप्टर असलेलं उपकरण यावर चालेलही, पण जोर लागला की बंद पडेल. उलट बाजूने काळजी नको: ३ अँपिअर देऊ शकणाऱ्या बँकेवर १ अँपिअरचा राउटर लावला तर त्याला काही होत नाही, तो हवे तेवढेच घेतो. व्होल्ट मात्र तो निवडू शकत नाही. येतील ते त्याला सोसावे लागतात.

मोठ्या बँकेवर दोन प्रकारच्या ओळी दिसतात. काहींवर ५, ९, १२, १५, २० असे सगळे आकडे असतात, काहींवर ५, ९, १५, २० असतात आणि १२ गायब असतात. दुसऱ्या प्रकारची बँक असेल तर १२ व्होल्टची ट्रिगर केबल विकत घेऊ नका, तिला १२ मिळणारच नाहीत. (पीपीएस नावाची सोय वापरून अशा बँकेतून १२ काढणाऱ्या काही चिपा आहेत, पण पहिल्या खेपेला त्या वाटेला जाऊ नये.)

आणखी एक बघा: १२ हा आकडा टाइप-सीच्या ओळीत आहे की चपट्या यूएसबी-ए पोर्टच्या ओळीत. यूएसबी-एवरचे १२ व्होल्ट क्विक चार्ज नावाच्या निराळ्या पद्धतीचे असतात आणि टाइप-सीची पीडी केबल त्यांच्यापर्यंत पोचत नाही.

तिसरी पायरी: कोणती केबल घ्यायची

नवख्या माणसाने एकच जात घ्यावी: जिच्या अंगावर किंवा टोकावर १२ व्होल्ट स्पष्ट छापलेले आहेत आणि बदलायची काहीही सोय नाही, अशी ठरलेल्या व्होल्टेजची.

दुसरी जात बटणाची. एकदा दाबलं की ९, पुन्हा दाबलं की १२, मग १५, मग २०, आणि दिव्याचा रंग बदलतो. काम करणाऱ्याला ही सोयीची वाटते, माझ्याही बॅगेत एक आहे. पण राउटरला ती कायमची लावू नये. अंधारात केबल चाचपताना बोट बटणावर पडलं की राउटर चालू असतानाच व्होल्टेज वर चढतं. शिवाय यातल्या पुष्कळशा केबली शेवटचं व्होल्टेज लक्षात ठेवतात. काल कुणी त्यावर लॅपटॉप चालवला असेल तर आज ती थेट २० पासून सुरुवात करते.

तिसरी जात लॅपटॉपची. तिच्या वर्णनात लॅपटॉप, १९ व्होल्ट, ६५ वॉट किंवा १०० वॉट असे शब्द असतात आणि पिन मात्र राउटरच्याच मापाची असू शकते. ही राउटरच्या आसपासही ठेवू नका.

बाजारात याच नावाखाली एक निराळीच केबल मिळते, ती ओळखता यायला हवी. तिचं एक टोक चपटं यूएसबी-ए असतं आणि दुसऱ्या टोकाशी एक लांबट डबी असते. ही ट्रिगर नव्हे. ती ५ व्होल्ट घेऊन स्वतः १२ बनवते, त्यामुळे बँकेत १२ असोत वा नसोत, तिला फरक पडत नाही आणि २० येण्याची भीतीही नाही. तिची मर्यादा ताकदीची. ५ व्होल्ट २ अँपिअर म्हणजे १० वॉट. वाटेतली गळती धरली तर १२ व्होल्टवर जेमतेम पाऊण अँपिअर हाती लागतो. छोट्या राउटरला तेवढं पुरतं. ज्यांच्या बँकेत १२ नाहीत आणि राउटर लहान आहे, त्यांनी हीच घ्यावी असं माझं मत आहे.

चौथी पायरी: मोजणं

इथे घाई करू नका. काही शे रुपयांचा साधा डिजिटल मल्टीमीटर पुरतो. काळी वायर 'COM' लिहिलेल्या भोकात आणि लाल वायर 'V' लिहिलेल्या भोकात घाला. शेजारी '10A' लिहिलेलं तिसरं भोक असतं, त्यात लाल वायर चुकूनही नको; तिथे ती लावून व्होल्टेज मोजायला गेलात तर सरळ शॉर्ट होतो.

मीटरची चकती डीसी व्होल्टकडे फिरवा. 'V' च्या शेजारी एक सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ असते, ती बाजू. त्यात २० आणि २०० असे दोन टप्पे दिसतील. पहिलं माप २०० वर घ्या. कारण सांगतो. २० च्या टप्प्यावर मीटर १९.९९ पर्यंतच दाखवू शकतो. केबलमधून २० किंवा थोडे जास्त आले की पडद्यावर डावीकडे नुसता '1' उमटतो. नवख्याला वाटतं मीटर बिघडला किंवा वायर नीट टेकली नाही, आणि तो केबल राउटरला लावून मोकळा होतो. तो '1' म्हणजे बिघाड नव्हे, तो सांगतो की माझ्या मापापलीकडे व्होल्टेज आहे. २०० वर हाच प्रश्न उरत नाही: १२ असतील तर '12.0' च्या आसपास दिसतं, २० असतील तर '20.1' असं काहीतरी.

आता केबल पॉवर बँकेला लावा. राउटर लांब ठेवा. लाल प्रोबचं टोक पिनेच्या भोकात आत टेकवा आणि काळं टोक पिनेच्या बाहेरच्या धातूला. दोन्ही टोकं एकमेकांना किंवा एकच टोक आतल्या-बाहेरच्या धातूला एकदम लागू देऊ नका. हात थरथरत असेल तर सीसीटीव्हीचं सामान विकणाऱ्या दुकानातून दोन स्क्रू असलेला डीसी फिमेल जॅक आणा. पिन त्यात खोचायची आणि प्रोब आरामात अधिक-उणेच्या स्क्रूंना लावायचे. फार स्वस्त वस्तू आहे आणि तिच्यामुळे मोजणं अगदी निर्धास्त होतं.

आकडा काय सांगतो ते असं वाचा. ११.४ ते १२.६ च्या आत असेल तर ठीक. १२ व्होल्टला पाच टक्के इकडेतिकडे एवढी मोकळीक पीडीच्या नियमातच आहे. ९ च्या जवळ असेल तर बँकेने १२ दिले नाहीत. ५ असेल तर बोलणीच झाली नाहीत किंवा चिप ५ वरच थांबली; केबल काढून उलटी करून पुन्हा लावून पाहा, तरीही ५ असेल तर जोडी जमत नाही. १५ किंवा २० असेल तर ती केबल लगेच बाजूला ठेवा. आणि आकड्यामागे उणे चिन्ह आलं, तर एकतर तुमचे प्रोब उलटे लागलेत किंवा पिनच उलटी आहे. प्रोब तपासा; ते बरोबर असतील तर ती केबल राउटरला लावू नका.

आता केबल तीनदा काढून-लावून मोजा, कारण बोलणी प्रत्येक वेळी नव्याने होतात. बँकेला एकाहून जास्त टाइप-सी पोर्ट असतील तर प्रत्येकावर मोजा. दोन पोर्टांच्या याद्या वेगळ्या असू शकतात, आणि अंधारात आपण कोणत्या पोर्टात खोचतो ते सांगता येत नाही.

पाचवी पायरी: दिव्यावर परीक्षा

मीटर जवळजवळ काहीच वीज घेत नाही, त्यामुळे ओझं पडल्यावर केबल टिकते का ते त्यावरून कळत नाही. त्यासाठी मी मोटरसायकलचा किंवा गाडीचा पार्किंगचा बल्ब वापरतो, १२ व्होल्ट ५ वॉटचा. ऑटो पार्टच्या कुठल्याही दुकानात अगदी थोड्या पैशांत मिळतो. दोन वायरी बल्बला आणि त्यांची दुसरी टोकं त्या स्क्रूच्या जॅकला जोडा, म्हणजे राउटरच्या साधारण अर्ध्याहून अधिक ओझं तयार होतं.

१२ व्होल्टवर हा बल्ब रोजच्यासारखा स्वच्छ उजळतो. ९ वर पिवळट आणि मलूल दिसतो, ५ वर तार नुसती लालसर होते. २० आले तर डोळे दिपतील असा पांढरा पेटतो आणि थोड्या वेळात उडतोही. उडाला तर उडू दे. राउटरच्या ऐवजी तो उडाला हेच आपल्याला हवं होतं. थंड बल्ब पहिल्या क्षणी खूप वीज ओढतो, त्यामुळे एखादी बँक लावल्याबरोबर बंद होऊ शकते. केबल काढून पुन्हा लावली की ती सहसा चालू होते.

बल्ब दहा मिनिटं जळू द्या आणि तेवढ्या वेळात मीटरवर नजर ठेवा. १२.१ चे ११.८ झाले तर काही हरकत नाही, ती तारेतली घट आहे. ११ च्या खाली जात असेल किंवा केबलचं टोक हाताला चांगलंच तापलेलं लागत असेल तर तार बारीक आहे, ती केबल परत करा. बल्बच्या काचेला हात लावू नका, पाच वॉटचा असला तरी चटका देतो.

जोडण्याचा क्रम

आता राउटर. क्रम पाळा: आधी केबल बँकेत, दोन सेकंद थांबा, मग पिन राउटरमध्ये. बोलणी ५ व्होल्टपासून सुरू होतात हे वर सांगितलं. पिन आधीपासून राउटरमध्ये असली तर त्याला पहिल्या क्षणी ५ मिळतात, तो त्यावरच उठायचा प्रयत्न करतो आणि काही राउटर तिथेच अडकतात. शिवाय या क्रमात, बटणाची किंवा दिव्याची केबल असेल तर रंग बघून थांबायची एक संधी मिळते.

बँक किती वेळ पुरेल याचा हिशेब मामांच्या आताच्या मांडणीवरून सांगतो. बँक २०,००० एमएएचची आहे. हा आकडा आतल्या सेलचा, म्हणजे ३.७ व्होल्टवरचा असतो. २० अँपिअर-तास गुणिले ३.७ म्हणजे ७४ वॉट-तास. व्होल्टेज चढवताना काही ऊर्जा उष्णतेत जाते, म्हणून हाती साधारण ६० धरावेत. त्यांच्या नव्या राउटरच्या अडॅप्टरवर १२ व्होल्ट १ अँपिअर आहे, पण ती कमाल मर्यादा झाली. मोजलं तेव्हा तो ०.६ अँपिअरच्या आसपास घेत होता, म्हणजे ७ वॉट. साठ भागिले सात, साडेआठ तास. प्रत्यक्षात आठ तास चालतं.

दोन डबे असतील आणि दोन्ही खरोखर १२ व्होल्टचे असतील तर सीसीटीव्हीवाल्यांकडे मिळणारी दुतोंडी वायर लावून एकाच केबलवर चालवता येतात, पण दोन्ही अडॅप्टरांच्या अँपिअरची बेरीज बँकेच्या १२ व्होल्टच्या आकड्यात बसली पाहिजे. एक डबा १२ चा आणि दुसरा ९ चा असेल तर ही वायर वापरायची नाही. दुतोंडी वायर दोघांना सारखंच व्होल्टेज देते.

चालू झाल्यावर बिघडतं ते कुठे

सगळं बरोबर मोजूनही राउटर मध्येच बंद-चालू होत असेल, तर सर्वांत आधी विचारा की त्याच बँकेवर कुणी मोबाइल लावला का. कित्येक बँका दुसऱ्या पोर्टात काही खोचलं की सगळे पोर्ट ५ व्होल्टवर आणतात. राउटर तत्क्षणी बंद पडतो. मोबाइल काढला की बँक पुन्हा यादी सांगते, पुन्हा १२ होतात, राउटर पुन्हा उठतो. नुकसान होत नाही, पण चालू असलेला व्हिडिओ कॉल जातो. राउटर लावला असताना बाकीचे पोर्ट रिकामे ठेवायचे.

लाईट आली की बँक चार्जिंगला लावायची आणि राउटरही तिच्यावरच ठेवायचा, असं करू नका. चार्जर लावताना आणि काढताना अनेक बँका आउटपुट क्षणभर तोडतात आणि बोलणी नव्याने करतात. आपोआप इकडून तिकडे जाणारी सोय हवी असेल तर राउटरसाठी मिळणारा १२ व्होल्टचा छोटा यूपीएस घ्यावा. त्याच कामासाठी तो बनवलेला असतो. ट्रिगर केबल ही हाताने लावायची आणि हाताने काढायची वस्तू आहे.

९ व्होल्टवर राउटर चालू शकतो आणि तिथेच फसायला होतं. त्याच्या आतलं सर्किट आलेलं व्होल्टेज आणखी खाली उतरवूनच वापरतं, त्यामुळे ९ वरही दिवे लागतात आणि वाय-फाय दिसतं. पण तेवढीच ताकद कमी व्होल्टवर मिळवायला तो जास्त अँपिअर ओढतो, आणि घरात तीन-चार जण एकदम वापरू लागले की बसतो. दिवे ठीक दिसतात पण दर दहा-पंधरा मिनिटांनी नेट जातं, असं असेल तर पिनेवर मीटर लावा. एलईडी पट्टी किंवा छोट्या पंख्याच्या बाबतीत ९ लगेच कळतात. पट्टी मंद जळते, पंखा हळू फिरतो.

२० व्होल्टचं मात्र काही सेकंदांत आटोपतं. १२ व्होल्टच्या उपकरणात विजेच्या तोंडाशी असलेले कपॅसिटर अनेकदा १६ किंवा २५ व्होल्टचे असतात आणि पुढची चिपही ठरावीक मर्यादेपर्यंतच सोसते. मामांचा राउटर मी नंतर उघडला. पिनेच्या जॅकला लागून असलेल्या कपॅसिटरचा माथा फुगून फाटला होता आणि शेजारची बोटाच्या नखाएवढीही नसलेली चिप मधोमध तडकली होती. चुकून असं झालंच, तर पिन ताबडतोब काढा आणि 'आता मूळ अडॅप्टरवर बघू' म्हणून लगेच लावू नका. आतून शॉर्ट झालेला राउटर चांगल्या अडॅप्टरलाही घेऊन जातो. वास आला असेल, माथा फुगला असेल तर दुरुस्तीवाल्याकडे द्या.

मामांकडे आता नवी ठरलेली बारा व्होल्टची केबल आहे आणि बँक ती मोठीच आहे, तिच्या यादीत सुदैवाने १२ आहेत. केबलच्या टोकाभोवती पांढरी चिकटपट्टी गुंडाळून मी त्यावर 'राउटर, १२, काळी बँक, डावं पोर्ट' असं लिहिलंय, आणि बँकेच्या डाव्या पोर्टाशेजारी तशाच पट्टीचा तुकडा चिकटवलाय. जुनी लॅपटॉपची केबल घरात ठेवली नाही, ती मी पुण्याला घेऊन आलो. मामीला एवढंच सांगून ठेवलंय की दुसरी बँक आणली तर लावायच्या आधी फोन करा, मी व्हिडिओ कॉलवर मीटर कुठे टेकवायचा ते दाखवतो.